दहा प्रश्न विचारले, उत्तरं चारचीच आली: किचनच्या कामात काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं

किचन रिनोव्हेशनची छोटी कामं घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय, आणि ज्यांच्या घरी काम चालू आहे त्यांनाही उपयोग होईल. होतं काय की आपण मालकाला व्हॉट्सॲपवर आठ-दहा प्रश्न पाठवतो, त्यातल्या तीन-चारचं उत्तर येतं, बाकीचे तसेच राहतात. मग काही जण सगळं काम थांबवून बसतात आणि मिस्त्री दुसऱ्या साईटवर निघून जातो, काही जण "मालक बोलले नाहीत म्हणजे चालतंय" असं धरून पुढे जातात आणि महिन्याने टाईल फोडतात. दोन्ही चुकीचं आहे, कारण दहाच्या दहा प्रश्न काही आजच अडवत नसतात आणि जे अडवतात ते बरेचदा आपल्याला वाटतात ते नसतात.

एकच काम धरून शेवटपर्यंत जातो. डोंबिवलीतला चौथ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट, एल आकाराचा ओटा, मुलगा मस्कतला, आई इथे एकट्या. पैसे मुलगा देणार, स्वयंपाक आई करणार. मी मुलाला पाठवलेले प्रश्न असे होते:

१. सिंक खिडकीखालीच ठेवायचं का डाव्या कोपऱ्यात न्यायचं?
२. सिंक सिंगल का डबल?
३. पाईपगॅस आहे का सिलेंडर?
४. ग्रॅनाईटमध्ये बसणारा हॉब का वर ठेवायची शेगडी?
५. चिमणी डक्टवाली का बिनडक्टची?
६. मायक्रोवेव्ह कुठे ठेवणार?
७. पुढेमागे डिशवॉशर घेणार का?
८. ओट्याची उंची किती?
९. डॅडोला, म्हणजे ओट्यावरच्या भिंतीला, टाईल कोणती?
१०. ट्रॉलीच्या लॅमिनेटचा रंग?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "सिंक खिडकीखालीच. चिमणी हो घ्यायची आहे. टाईल पांढरी मॅट. उंची आईला विचारा. बाकी तुम्ही बघा."

सोमवारी तोडफोड सुरू व्हायची होती आणि हातात हे एवढंच.

टप्पा १: कामाचा क्रम आधी कागदावर

उत्तरं चाळण्याआधी स्वतःच्या कामाचा दिवसवार क्रम लिहा. डोक्यात आहे म्हणून सोडू नका, कारण कुठला प्रश्न कधी अडवणार हे या क्रमावरूनच कळतं, दुसरं काही साधन नाही. आमचा क्रम असा होता:

दिवस १-२: जुना ओटा आणि टाईल तोडणे, राडारोडा खाली नेणे
दिवस ३-४: भिंतीत झिऱ्या मारून पाण्याची आणि सांडपाण्याची लाईन, चिमणीचं होल
दिवस ५: वायरिंगचे पाईप आणि बोर्डाचे बॉक्स
दिवस ६: पाण्याच्या लाईनीचं प्रेशर टेस्टिंग, झिऱ्या बुजवणे
दिवस ७-८: कडप्प्याचा ओटा उभा करणे
दिवस ९-१०: वरचं ग्रॅनाईट, त्यात कटिंग
दिवस ११-१३: डॅडोच्या टाईल
दिवस १४: ट्रॉलीची मापं, मग ट्रॉली तयार होऊन फिटिंग, सगळ्यात शेवटी चिमणी आणि हॉब

आता प्रत्येक प्रश्नासमोर एक दिवस लिहायचा. तो दिवस म्हणजे "ज्याच्यानंतर उत्तर उलटं आलं तर काहीतरी फोडावं लागेल" असा पहिला दिवस. इथे घाई करू नका. उदाहरणार्थ सिंक सिंगल का डबल हा प्रश्न मला वर्षानुवर्षं ग्रॅनाईट कापायच्या दिवसाचा वाटायचा, म्हणजे दिवस ९, कारण भोक तेव्हा पडतं. पण कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या दिवस ७ ला लागतात, आणि सिंकच्या खाली मधोमध पट्टी आली तर सिंकचं भांडंच बसत नाही. म्हणजे खरा दिवस ७ झाला, आणि सिंक विकत घेऊन साईटवर आणायला दोन दिवस धरले तर उत्तर दिवस ५ लाच हवं.

⚠ माल यायला लागणारे दिवस नेहमी मागे मोजा. टाईल दिवस ११ ला लागते पण दुकानदार चार दिवस सांगत असेल तर प्रश्न दिवस ७ चा आहे.

टप्पा २: आलेलं उत्तर खरंच उत्तर आहे का ते बघा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मेसेज आला की आपण त्या नंबरावर टिक करतो, पण प्रश्न काय होता आणि उत्तर काय आलं हे शेजारी-शेजारी ठेवून वाचत नाही. आमच्या मेसेजमधलं एकेक बघा.

"सिंक खिडकीखालीच." हे पूर्ण उत्तर आहे. टिक.

"चिमणी हो घ्यायची आहे." मी विचारलं होतं डक्टवाली का बिनडक्टची, आणि आलंय "हो". हे उत्तर नाहीच. चिमणी घेणार हे तर मी धरूनच चाललो होतो. अशा "का" वाल्या प्रश्नाला "हो" आलं की तो प्रश्न अजून उघडा आहे असंच लिहायचं. मी हे एकदा नीट भोगलंय. एका कामात असंच "हो" आलं, मी बिनडक्टची धरली, डॅडो पूर्ण झाला, पॉलिश झालं आणि मग डक्टवाली चिमणी घरी आली. टाईल लागलेल्या भिंतीतून सहा इंची होल मारलं, दोन टाईल तडकल्या, त्या बॅचची शिल्लक टाईल एकही नव्हती आणि दुकानातल्या नव्या बॅचचा पांढरा रंग वेगळा दिसत होता. ती भिंत अजूनही तशीच आहे, मला माहितीये.

"टाईल पांढरी मॅट." अर्धं उत्तर. रंग आणि फिनिश कळलं, साईझ नाही. पण आज काही अडत नाही, म्हणून याच्यापुढे फक्त "साईझ बाकी" लिहिलं.

"उंची आईला विचारा." हे उत्तर नाही, पण यातून एक गोष्ट मिळाली, की हा निर्णय कुणाचा आहे ते कळलं. प्रश्न उघडाच ठेवायचा, फक्त पुढचं नाव बदलायचं. आता मुलाला परत परत उंची विचारत बसलात तर तो वैतागणार.

"बाकी तुम्ही बघा." हे वाक्य फार घातकी आहे, कारण त्यातून आपल्याला सगळी मोकळीक मिळाल्यासारखी वाटते. पण त्याने "बाकी" म्हणताना यादी परत वाचली होती का? बहुतेक नाहीच. ज्याला ड्युटीवर दोन मिनिटं मिळाली त्याने जे आठवलं ते लिहिलं. म्हणून मी "तुम्ही बघा" फक्त अशाच गोष्टींना लागू धरतो ज्या आवडीनिवडीच्या आहेत आणि नंतर बिनाखर्चात बदलता येतात. गॅस, भिंतीला पडणारं भोक, रोज उभं राहून काम करणाऱ्या बाईची उंची आणि बजेट वाढवणारी कुठलीही गोष्ट, या चार बाबतीत "तुम्ही बघा" हे मी उत्तर मानत नाही.

✔ तपासणी: प्रत्येक नंबरासमोर चारपैकी एक शब्द लिहिलाय का? पूर्ण / अर्धं / दुसऱ्याकडे / कोरं. आमच्याकडे दहापैकी पूर्ण फक्त एकच निघालं, जरी मेसेज वाचताना "बऱ्यापैकी उत्तरं आली" असं वाटलं होतं.

टप्पा ३: परत विचारण्याआधी स्वतः जाऊन बघा

कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांपैकी एखाद-दोन असे असतात की त्यांचं उत्तर मालकाला विचारायची गरजच नव्हती. पाईपगॅस का सिलेंडर हा त्यातलाच. साईटवर गेलो, ओट्याच्या उजव्या टोकाला गॅसचं मीटर भिंतीवर लागलेलं होतं. संपलं. मी पहिल्या भेटीत मापं घेताना ते नोंदवलं नव्हतं, ही माझी चूक.

पण इथे थांबू नका, कारण मीटर दिसल्यावर प्रश्न मिटला नाही, त्याचं रूप बदललं. आता प्रश्न असा की मीटर आणि पाईप आहे तिथेच ठेवायचे का हलवायचे. आणि हा प्रश्न दिवस १ चा आहे! जुना ओटा तोडताना त्या पाईपला धक्का लागता कामा नये, आणि पाईप हलवायचा असेल तर ते काम गॅस कंपनीचाच माणूस करतो, आपला प्लंबर नाही, त्यासाठी अर्ज, पैसे, मग ते येतील त्या दिवसाची वाट. यादीत तिसऱ्या नंबरावर साधासुधा दिसणारा, उत्तरच न आलेला प्रश्न हाच सगळ्यात आधी काम अडवणारा निघाला.

मी काकूंच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या, समोर उभं राहून बघितलं, शेगडी आत्ता आहे तिथेच, मीटरपासून हाताच्या अंतरावर. ती जागा तशीच ठेवली तर पाईप हलवायचा प्रश्न येतच नाही. म्हणजे मुलाला फक्त एवढंच कळवायचं राहिलं की "पाईप हलवत नाही, शेगडी त्याच बाजूला".

⚠ गॅसचा पाईप तसाच ठेवणार असलात तरी तोडफोडीच्या दिवशी मीटरजवळचा कॉक बंद पाहिजे आणि त्या टोकाचा दोन फुटांचा ओटा ब्रेकरने नाही, छिन्नी-हातोड्याने काढायचा.

टप्पा ४: जाड प्रश्न फोडा

काही प्रश्न आपणच दोन प्रश्न एकात कोंबून विचारलेले असतात. त्यातला अर्धा आज लागतो, अर्धा दहा दिवसांनी. तो फोडला की अडलेलं काम सुटतं.

हॉब का शेगडी, हा असाच. ग्रॅनाईटमध्ये भोक पाडायचं का नाही हे दिवस ९ ला लागतं. पण शेगडीचा मध्य भिंतीवर कुठे येणार हे दिवस ३ लाच लागतं, कारण चिमणीचा मध्य त्याच रेषेत आणि डक्टचं होल त्याच्यावरून ठरतं. आता मध्य कुठे ते तर आपल्याला गॅसवरून कळलेलंच आहे. म्हणजे प्रश्न ४ चा तातडीचा अर्धा भाग सुटला, उरलेला आरामात विचारता येईल.

सिंकचंही तसंच. जागा कळली, सिंगल-डबल कळलं नाही. प्लंबिंग थांबवायचं का? नाही. भिंतीतला सांडपाण्याचा पॉइंट खिडकीच्या मध्यावर ठेवला तर सिंगल असो वा डबल, खालच्या वेस्ट पाईपने थोडं इकडेतिकडे जुळवता येतं. नळ पण मध्यावरच. म्हणजे दिवस ३ चं काम पूर्ण चालू शकतं आणि सिंकचा आकार दिवस ५ पर्यंत मिळाला तरी चालेल.

चिमणीत मात्र असं फोडता येत नाही. होल मारायचं का नाही, याला मधला मार्ग नाही. हां, होल मारून झाकून ठेवता येतं हे खरं, पण ते बाहेरच्या भिंतीला आहे, सोसायटीला सांगावं लागतं, पावसाचं पाणी आत येणार नाही असं बंद करावं लागतं, आणि भिंतीत बीम लागला तर तिथून होल मारायचंच नाही. म्हणून तो प्रश्न पूर्ण अडवणारा म्हणूनच ठेवला.

टप्पा ५: तीन ढीग

आता प्रत्येक उघड्या प्रश्नाला एकच विचारायचं: उत्तर उद्या उलटं आलं तर काय तोडावं लागेल? काहीच नाही, तर तो अडवत नाही. अजून न झालेलं काम बदलेल एवढंच, तर तारीख लावून बाजूला. झालेलं काम फोडावं लागेल, तर तो आज अडवतोय.

आमचे ढीग रविवारी संध्याकाळी असे पडले.

आज अडवणारे: चिमणी (दिवस ३), ओट्याची उंची (दिवस ५, कारण ओट्यावरच्या बोर्डांची उंची ओट्याच्या माथ्यापासून मोजतात).

तारीख लावून बाजूला: मायक्रोवेव्ह (दिवस ५ सकाळ), सिंकचा आकार (दिवस ५), टाईलची साईझ (दिवस ७), हॉब का शेगडी (दिवस ८), लॅमिनेट (दिवस १४).

अडवत नाही, सोय ठेवून पुढे जाता येतं: डिशवॉशर. पाण्याच्या लाईनीला एक टी काढून बूच लावायचं, सांडपाण्याला एक तोंड, आणि डीबीपासून ४ एमएमची वेगळी वायर आणून १६ अँपिअरचा पॉइंट. घेतला नाही तर बूच तसंच राहील, हजार-दोन हजारांचा प्रश्न.

असं मला रविवारी वाटत होतं. हा डिशवॉशर सोमवारी कुठल्या ढिगात गेला ते पुढे येतंच.

⚠ "सोय ठेवू" हे उत्तर तेव्हाच चालतं जेव्हा वस्तूला फक्त पाणी आणि वीज लागते. तिला जागा लागत असेल तर ती सोय नाही, तो निर्णय आहे.

टप्पा ६: कुठलंही उत्तर आलं तरी करावंच लागेल ते काम आधी

सोमवार आणि मंगळवार वाया घालवायचं काहीच कारण नव्हतं. जुना ओटा जाणारच होता, टाईल उतरणारच होत्या, राडारोडा चार मजले खाली न्यायलाच हवा होता. चिमणी कुठलीही असली तरी या दोन दिवसांत काही फरक पडत नाही. मिस्त्रीला सांगितलं सोमवार-मंगळवार पक्के, बुधवारचं मंगळवारी दुपारी सांगतो. असं स्पष्ट सांगितलं की कारागीर टिकतो, "बघू" म्हटलं की जातो.

तोडफोड झाल्यावर एक फायदा आणखी होतो, भिंत उघडी पडते. चिमणीच्या जागी वरून बीम किती खाली येतोय, वीट आहे का काँक्रीट, हे दिसतं. आमच्याकडे वीट होती. हल्लीच्या नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीच्या भिंती असतात, म्हणजे भिंतच काँक्रीटची, तिथे झिऱ्या मारायच्या नसतात, मग प्रश्नांची यादीच वेगळी होते आणि बिल्डरने दिलेल्या पॉइंटवरच सगळं बसवावं लागतं.

टप्पा ७: ज्याचा प्रश्न त्याला, आणि हातात वस्तू देऊन

उंची काकूंना विचारायची होती. "काकू, ओटा किती उंच हवा?" असं विचारलं तर त्या म्हणणार "आहे तेवढाच ठेवा", आणि त्यांचा जुना ओटा ज्या फरशीवर होता तीच आता वर येणार असते किंवा मुलगा वेगळं सांगून गेलेला असतो. इंचात कुणी विचार करत नाही.

मी असं करतो. विटांच्या दोन थप्प्या, वर प्लायचा तुकडा, आणि काकूंना त्यांचं पोळपाट-लाटणं आणायला सांगायचं. आधी ३४ इंचांवर लावलं. काकूंनी लाटणं फिरवलं आणि मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होतो, दोन्ही खांदे वर उचलले जात होते. एक इंच कमी केलं, तरी थोडे उचललेच. ३२ वर आल्यावर खांदे खाली राहिले आणि मनगटावर वजन देता आलं. मग म्हटलं आता वाकून भांडं घासल्यासारखं करा, पाठ फार वाकत नव्हती. काकू म्हणाल्या, "हेच बरंय रे, आत्तापर्यंत मी स्टुलावर उभी राहून कणीक मळायचे." म्हणजे जुना ओटा त्यांना उंच होता आणि "आहे तेवढाच" हे उत्तर लिहून घेतलं असतं तर पुढची वीस वर्षं तसंच.

अंदाजासाठी: हात कोपरात वाकवला की कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओट्याचा माथा यावा. पण मापापेक्षा लाटणं जास्त खरं सांगतं.

✔ तपासणी: उंची तयार फरशीपासून लिहिली का? फरशीवर नवी टाईल बसणार असेल तर दीड-दोन इंच तिथेच जातात. आमच्याकडे फरशी बदलायची नव्हती.

टप्पा ८: नवं उत्तर आलं की सगळे ढीग परत चाळा

हा टप्पा लोक गाळतातच. उत्तर आलं, टिक केली, पुढे. पण एक उत्तर आलं की बाकीच्या प्रश्नांची जागा बदलते.

उंची ३२ ठरली. त्यातून ग्रॅनाईट, खालचा कडप्पा आणि मधला माल मिळून दोन इंच गेले की ओट्याखाली उरतात ३०. आणि उभा डिशवॉशर साधारण तेहेतीस-सव्वातेहेतीस इंच उंच असतो, वरचं झाकण निघणारं मॉडेल घेतलं तरी बत्तीसच्या वर. म्हणजे काकूंच्या उंचीच्या ओट्याखाली तो बसतच नाही! रविवारी जो प्रश्न "सोय ठेवू" म्हणून सोडला होता तो सोमवारी दुपारी सरळ अडवणाऱ्या ढिगात आला. मी टी आणि बूच लावून मोकळा झालो असतो, आणि वर्षभराने मुलगा सुट्टीवर येऊन डिशवॉशर घेऊन आला असता, तर पाणी होतं, वीज होती, फक्त वस्तू आत गेली नसती.

ताबडतोब मालकाला फोन करायचा नाही. आधी दुसरी जागा आहे का बघायची. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन होतं, रुंदी साडेचार फूट, मशीनचे दोन फूट गेले तरी शेजारी अडीच फूट मोकळे, नळ आणि जाळी आहेच. दार खाली उघडल्यावर पुढे आणखी दोन फूट लागतात, ते पण टेपने मोजलं, माणूस बाजूने उभा राहू शकतो. म्हणजे उत्तर आपल्याकडे तयार आहे, फक्त होकार हवा.

टप्पा ९: दुसरा मेसेज

पहिल्यासारखी दहाची यादी परत पाठवायची नाही, आणि "बाकीच्या प्रश्नांचं काय झालं" असंही नाही. फक्त अडवणारे, जास्तीत जास्त तीन, प्रत्येकात काय निवडायचं ते स्पष्ट, आणि उत्तर नाही आलं तर मी काय करणार किंवा करणार नाही ते. मी सोमवारी संध्याकाळी पाठवलेला असा:

"दादा, तोडफोड व्यवस्थित चालू आहे, गॅसचा पाईप हलवत नाही, शेगडी आहे त्याच बाजूला. काकूंनी लाटून बघून ३२ इंच उंची ठरवली. दोनच गोष्टी अडल्यात.
१. चिमणी: धूर पाईपने बाहेर सोडणारी (भिंतीला ६ इंची होल पडेल) का फिल्टरवाली, होल नाही? होल कुठे येईल त्याचा फोटो खाली दिलाय, लाल गोल. याचं उत्तर बुधवारी सकाळी ९ च्या आत हवं, नाहीतर त्या भिंतीचं काम थांबेल, बाकीचं चालू राहील.
२. डिशवॉशर: या उंचीच्या ओट्याखाली बसणार नाही. ड्राय बाल्कनीत मशीनच्या शेजारी बसतो, तिथे पाणी आणि लाईटची सोय करून ठेवू का? खर्च साधारण २५०० जास्त. तुम्ही हो म्हटल्याशिवाय करत नाही.
बाकीचं सध्या अडत नाही, त्या त्या वेळी विचारतो."

वेळ बघूनच पाठवला. ओमानमध्ये घड्याळ आपल्या दीड तास मागे आणि सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे त्याची संध्याकाळ कधी आणि मोकळा दिवस कुठला हे धरून मुदत द्यायची, नाहीतर आपली मुदत त्याच्या ड्युटीत संपते.

⚠ "उत्तर नाही आलं तर मी असं करतो" हे फक्त परत बदलता येणाऱ्या गोष्टींसाठी लिहा. चिमणीसाठी मी "नाही आलं तर होल मारतो" असं लिहिलं नाही, "ती भिंत थांबेल" असं लिहिलं. भिंतीला भोक गप्प बसण्यावरून पाडायचं नसतं.

मंगळवारी रात्री उत्तर आलं: "१ पाईपवाली. २ बाल्कनीत चालेल, वर्षभराने घेऊ." बघा, चिमणीला परत "हो" आलं नाही, कारण त्या प्रश्नात "हो" म्हणायला जागाच नव्हती. बुधवारी सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोटो दाखवला आणि अकरा वाजता कोअर कटिंगवाला लागला. होलची उंची ठरवताना शेगडीच्या माथ्यापासून चिमणीच्या तळापर्यंत २८ इंच धरले, २६ ते ३० च्या मध्ये कुठेही चालतं, वर चिमणीची उंची आणि त्याच्यावर डक्टचा बेंड.

टप्पा १०: बाजूला ठेवलेले प्रश्न वेळेवर उचला

तारीख लावून ठेवलेले प्रश्न विसरले की तेच पुढच्या आठवड्यात अडवणारे होतात. मी कॅलेंडरमध्ये टाकत नाही, भिंतीवर खडूने लिहितो, जिथे मिस्त्रीलाही दिसतं: "मायक्रो – शुक्र. सिंक – शुक्र. टाईल साईझ – सोम." टाईलवाला स्वतःहून विचारतो "साहेब, साईझ आली का?" हा मोठा फायदा.

मायक्रोवेव्हचं उत्तर शुक्रवारी सकाळपर्यंत आलं नाही. इथे मी थांबलो नाही. फ्रिजच्या वरच्या बाजूला एक आणि ओट्याच्या कोपऱ्यात एक असे १६ अँपिअरचे दोन पॉइंट काढले, कोपऱ्यातला तसाही मिक्सर-ओव्हनला लागतोच, आणि मुलाला दोन ओळी लिहून कळवलं. हे चाललं कारण दोन्ही पॉइंट कामाचे आहेत आणि खर्च एका बॉक्सचा.

सिंकचं उत्तर आलं "सिंगल, मोठं", जे परत अर्धं उत्तर. मोठं म्हणजे किती? २४ बाय १८ का ३० बाय १८? कडप्प्याच्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये मी ३३ इंच मोकळे ठेवले, म्हणजे दोन्हीतलं कुठलंही बसेल, आणि दिवस ७ चं काम सुटलं. पण ग्रॅनाईट कापायला तसं सैल चालत नाही. छापील माप, दुकानदाराने फोनवर सांगितलेलं माप, आणि प्रत्यक्ष सिंकची कड, या तिन्हींत पाव-अर्धा इंच फरक मी बघितलाय. ग्रॅनाईटवाला दिवस ९ ला मशीन घेऊन हजर होता आणि सिंक अजून दुकानात होतं. त्याला आधी शेगडीच्या बाजूची पाटी बसवायला लावली, काकूंना घेऊन दुकानात गेलो, त्यांनी त्यांची मोठी कढई सोबत घेतली होती, ती ज्या सिंकमध्ये आडवी मावली ते घेतलं, ३० बाय १८. दुपारी तीन वाजता सिंक पाटीवर उलटं ठेवून पेन्सिल फिरवली, आणि त्याच्यानंतरच कटर चालू झाला.